गीर गाईचं दूध खरंच हलकं असतं का? एका कमेंटला जरा सविस्तर उत्तर

वाचकाची कमेंट:
"दादा, तुमचा देशी दुधावरचा लेख वाचून वाईट वाटलं. माझे वडील 71 वर्षांचे, पिशवीच्या दुधाने पोट फुगायचं, गुडगुड व्हायची. दीड वर्षापासून मखमलाबादजवळच्या एका गोठ्यातून गीर गाईचं दूध सुरू केलं आणि त्रास गायब. शांघाय आणि ऑस्ट्रेलियात माणसांवर प्रयोग करून ए2 दूध पचायला सोपं हे सिद्ध झालंय. एफएसएसएआयने पण 2024 ला ए2 लिहायला बंदी घातली आणि आठवड्यात मागे घेतली, ती उगाच? अनुभव आणि सायन्स दोन्ही असताना तुम्ही लोकांच्या मनात शंका का घालता?"

दादा, आधी एक सांगतो, काकांचं पोट बरं आहे हे वाचून खरंच छान वाटलं आणि त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाहीये. त्यांना बरं वाटतंय ते वाटतंयच. माझा प्रश्न फक्त कशामुळे एवढाच आहे, कारण कारण चुकीचं धरलं की माणूस लिटरला दुप्पट पैसे मोजतो आणि ज्याला खरंच त्रास आहे त्याचा त्रास तसाच राहतो. माझ्या आईचं हेच झालं, ते पुढे सांगतो.

तुम्ही म्हणता ते दोन्ही प्रयोग खरे आहेत आणि मी ते नीट वाचलेत. दुधात बीटा केसीन नावाचं प्रोटीन असतं, 209 अमिनो आम्लांची साखळी. त्यात 67 व्या जागेवर ए2 मध्ये प्रोलीन असतं आणि ए1 मध्ये हिस्टिडीन, बाकी साखळी तीच. हिस्टिडीन असलं की पचताना तिथे साखळी सहज तुटते आणि सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो, त्याला बीसीएम-7 म्हणतात. हा तुकडा अफूसारख्या पदार्थांच्या जातीतला आहे, म्हणजे आतड्याची हालचाल मंद करू शकतो, म्हणून लोकांना वाटलं की पोटाचा त्रास याच्यामुळेच असेल. कल्पना चुकीची नाहीये, तपासण्यासारखीच आहे.

आता शांघायचा प्रयोग, 2016 चा. 45 माणसं, सगळी स्वतःहून सांगणारी की आम्हाला दूध सोसत नाही. रोज दोन वेळा 250 मिली, 14 दिवस एक दूध, मग मधे गॅप, मग 14 दिवस दुसरं. एका दुधात ए1 आणि ए2 दोन्ही, दुसऱ्यात फक्त ए2. मिक्स दुधावर त्रास जास्त नोंदला गेला. ऑस्ट्रेलियाचा 2014 चा, पर्थमधला, 41 जणांवर, रोज 750 मिली, दोन-दोन आठवडे, तिथे स्पष्ट फरक दिसला तो शौच पातळ होण्यात. म्हणजे काहीतरी फरक आहे, मी तो नाकारत नाही. पण माणसं थोडी, दिवस थोडे, आणि शांघायच्या प्रयोगाला पैसा ए2 दूध विकणाऱ्या कंपनीचाच होता. त्याने प्रयोग खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे मोठा करून दाखवेपर्यंत "सिद्ध झालंय" हा शब्द मी वापरणार नाही.

पण याहून मोठी गोष्ट दुसरी आहे आणि ती आपल्याकडे कुणी बोलत नाही. त्या प्रयोगातलं ए2 दूध गीर गाईचं नव्हतंच! ते युरोपी वंशाच्या गाईंमधून डीएनए टेस्ट करून ए2-ए2 निघालेल्या गाई वेगळ्या काढून त्यांचं दूध होतं. म्हणजे ए2 ही जात नाही, एक जीन आहे, जर्सी-होल्स्टीनमध्येही भरपूर ए2 गाई असतात. आपल्या देशी गाईंत मात्र जवळजवळ सगळाच ए2 आहे, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2009 मध्ये तपासलं तेव्हा ए2 चं प्रमाण 98-99 टक्क्यांच्या घरात आलं होतं, आणि म्हशीत तर शंभर टक्के. हे वाचा परत. म्हैस शंभर टक्के ए2. ज्यांना म्हशीच्या दुधाने पण पोट फुगतं त्यांचा तो त्रास ए1 मुळे असूच शकत नाही. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असतं म्हणून जड वाटतं ही गोष्ट वेगळी, पण गॅस आणि गुडगुड सहसा फॅटने होत नाही, त्याचं पहिलं कारण लॅक्टोज.

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. गीर असो, डांगी असो, जर्सी असो, गाईच्या दुधात ती शंभर मिलीला साधारण साडेचार ते पावणेपाच ग्रॅम असते, ए1 ए2 ने त्यात काही फरक पडत नाही. लहानपणी ती पचवणारं लॅक्टेज एन्झाइम भरपूर असतं, मोठेपणी आपल्यातल्या बऱ्याच जणांचं कमी होतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले बॅक्टेरिया ती खातात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं, पोट गुडगुडतं. यातला हायड्रोजन श्वासातून बाहेर येतो, त्यामुळे तो मोजता येतो. न्यूझीलंडमध्ये 2020 मध्ये असाच प्रयोग झाला, 40 बायकांना एकदा साधं दूध, एकदा ए2, एकदा लॅक्टोज काढलेलं, प्रत्येक वेळी 750 मिली. ज्यांना लॅक्टोज पचत नव्हतं त्यांचा हायड्रोजन साध्या दुधावरही वाढला आणि ए2 वरही, लॅक्टोज काढलेल्यावर नाही. ए2 ने मळमळ आणि घाईने लागणं हे मात्र थोडं कमी झालं होतं. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात ए2 वर हायड्रोजनही कमी आला. म्हणजे निकाल एका सुरात नाहीत, पण ए2 म्हणजे लॅक्टोजवरचा उपाय असं म्हणायला आधार कमी आहे.

आता आईची गोष्ट. आमच्या आईला तीन वर्षं हाच त्रास. कुणीतरी सांगितलं, गीर चालू करा. केलं. ती म्हणाली, आराम आहे. मलाही बरं वाटलं, पण नीट बघितलं तर तिचं सगळंच बदललं होतं. आधी रात्री जेवण झाल्यावर मोठा पेला, साधारण 400 मिली, आणि गीरचं महाग म्हणून सकाळी नाश्त्याबरोबर छोटा कप, 150 मिली. हिशोब करा, 400 मिलीत जवळपास 19 ग्रॅम लॅक्टोज, 150 मिलीत 7 ग्रॅम. ज्यांना लॅक्टोज कमी पचतं अशांना एका वेळी साधारण 12 ग्रॅमपर्यंत बहुतेक वेळा सोसतं. म्हणजे गाय न बदलता नुसता पेला बदलला असता तरी आराम पडला असता. शिवाय रोज थोडं थोडं घेत राहिलं की मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया सवय करून घेतात आणि काही आठवड्यांनी गॅस कमी होतो. काकांचं दीड वर्ष रोज दूध चालू आहे, त्यामुळे त्यांनाही यातलं काही लागू असेल. आधी ते किती घ्यायचे आणि आता किती घेतात, हे मला नक्की सांगा.

मग आम्ही घरात एक टेस्ट केली. तीन दूधं, पिशवीचं गाईचं, गीरचं आणि दुकानातलं लॅक्टोज-फ्री. तिन्ही उकळून, थंड करून, साय काढली, म्हणजे गीरचा घट्टपणा ओळखू नये. लॅक्टोज-फ्री दूध गोड लागतं कारण त्यातली साखर आधीच फुटलेली असते, म्हणून बाकी दोन्हीत थोडा गूळ घातला, आणि तिन्हीत सारखी हळद, म्हणजे रंग आणि वास दोन्ही दबले. बायकोने चिठ्ठ्या टाकून क, ख, ग ठरवलं, आई आणि मला काहीच माहीत नाही. एक दिवस आड, सकाळी उपाशीपोटी 300 मिली, म्हणजे 14 ग्रॅम लॅक्टोज, मुद्दाम 12 च्या वर. त्या दिवशी दुसरं दूध नाही, दही नाही, डाळी-कडधान्यं नाहीत. पुढचे सहा तास दर तासाला आई वहीत शून्य ते तीन आकडा लिहायची आणि दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा धरायचा. प्रत्येक दूध तीनदा, अठरा दिवस गेले.

शेवटी चिठ्ठ्या उघडल्या. पिशवीचं 2, 3, 2. गीरचं 2, 1, 2. लॅक्टोज-फ्री 0, 0, 1. गीर थोडं बरं दिसतंय, पण तीन-तीन वेळात एवढा फरक सहज नशिबानेही येतो, त्यावरून मी काही म्हणणार नाही. लॅक्टोज-फ्रीचा फरक मात्र आईला वही न बघता पण कळला. आणि खरं सांगू, तिने "ग म्हणजे गीर असणार, आज काहीच झालं नाही" असं म्हटलं होतं, आणि ग म्हणजे लॅक्टोज-फ्री निघालं. तिला फसवलंय असं वाटून मला त्या दिवशी वाईटच वाटलं, पण तिने लगेच विचारलं, मग दही? दह्यात जंतूंनी काही साखर आधीच खाल्लेली असते आणि त्यांचं लॅक्टेज पोटातही थोडं काम करतं, त्यामुळे आता तिचं दही-ताक आणि छोटा कप दूध, तेही नाश्त्याबरोबर, असं चालू आहे. गोठा बंद.

एफएसएसएआयचं म्हणाल तर 21 ऑगस्ट 2024 ला लेबलवरून ए1-ए2 काढा म्हणाले आणि 26 ला मागे घेतलं, सगळ्यांशी बोलून ठरवू म्हणून. लेबलवर काय लिहायचं याचा तो वाद होता, कुणाच्या पोटात काय होतं याचा पुरावा त्यात कुठल्याच बाजूने नाही. त्यातला एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटलेला आहे, फरक प्रोटीनचा आहे आणि तूप म्हणजे जवळपास नुसतं फॅट, मग "ए2 तूप" म्हणून दुप्पट भाव कशाचा? ते पैसे तरी वाचवा.

देशी गाय नको असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. इगतपुरी-घोटीकडची डांगी भर पावसात भाताच्या खाचरात काम करते, ती टिकायलाच हवी, फक्त त्यासाठी तिच्या दुधाला न केलेलं काम चिकटवायची गरज नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि पाठीवर वशिंड दिसलं म्हणजे दूध ए2 असंही नसतं बरं का, संकरित गाय वशिंडवाली असू शकते, खात्री फक्त डीएनए टेस्टने होते.

काकांना टेस्ट करायची असेल तर करा, फक्त शुगर असेल तर गूळ नको, त्याऐवजी दोनच दूधं घ्या, गीर आणि पिशवीचं, म्हणजे गोडी जुळवायला गूळ लागणारच नाही. आणि एक गोष्ट मनापासून, घरात कुणा लहान मुलाला दुधाची अॅलर्जी असेल, म्हणजे अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, तर ए2 म्हणून गीरचं दूध देऊन बघू नका. ती अॅलर्जी दुधातल्या प्रोटीनची असते, ए2 मध्ये बीटा केसीन आहेच, आणि बाकीची प्रोटीनं पण तीच. तिथे घरातली टेस्ट नको, सरळ डॉक्टर.