वरचा वारा, खालचा वारा

आमच्या कार्यालयातील एका निवृत्त साहेबांचे गेल्या वर्षी निधन झाले आणि त्यांची शोकसभा दुपारच्या जेवणानंतर, पावणेतीन वाजता ठेवण्यात आली. भाषणे झाली, सगळे दोन मिनिटे मौन पाळण्यासाठी उभे राहिले आणि पहिल्या मिनिटातच माझ्या पोटातून काहीतरी वर सरकू लागले. मी ओठ घट्ट मिटले, हनुवटी छातीला टेकवली, श्वास रोखून पाहिला. परंतु दीड मिनिटाच्या सुमारास तो भरदार, लांबलचक ढेकर त्या शांततेत बाहेर पडलाच. आपल्या भाषेत ढेकराला 'तृप्तीचा' हे विशेषण कायमचे चिकटलेले आहे, आणि त्या साहेबांनी माझी बढती चार वर्षे अडवून धरली होती हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते.

वास्तविक तृप्तीशी माझा काहीही संबंध उरलेला नव्हता. जेवून उठलो की पाच मिनिटांत पोट नगाऱ्यासारखे ताणले जाई, पट्टा एक भोक सैल करावा लागे आणि मग एकामागून एक ढेकर सुरू होत. दुपार उतरताना ते थांबत, तर साडेचार-पाचच्या सुमारास बेंबीच्या खाली गुडगुड सुरू होऊन पोट पुन्हा डब्ब होई. मी या साऱ्याला एकच नाव दिले होते, 'गॅस', आणि त्यावर एकच उपाय ठरवला होता, तो म्हणजे ढेकर काढणे.

ढेकर काढण्यासाठी मी जे जे केले ते आता आठवले की माझे मलाच हसू येते. कोपऱ्यावरच्या गाडीवरचा लिंबू-सोडा तर रोजचाच होता. तो प्यायला की अर्ध्या मिनिटात दणदणीत ढेकर येई आणि गाडीवाला कौतुकाने म्हणे, "बघा साहेब, मोकळं झालं!" घरी पुडीतले फसफसणारे चूर्ण असे. त्यात खायचा सोडा आणि आम्ल असते, पाण्यात पडताच त्यांतून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो मी फेसासकट पिऊन टाकत असे. म्हणजे मी दहा रुपयांचा वायू विकत घेऊन पोटात घालत होतो, तोच वर आला की 'गॅस निघाला' म्हणून समाधान पावत होतो आणि मूळचे दुखणे जागच्या जागी राहत होते.

शोकसभेनंतर पत्नीने मला आमच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मला टेबलावर आडवे केले, डाव्या बरगडीखाली एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक केले आणि रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. वजन घटले आहे का, गिळताना घास अडकतो का, शौच काळे किंवा रक्ताचे होते का, वारंवार उलट्या होतात का, हे त्यांनी बारकाईने विचारले. जिना चढताना छातीवर दडपण येते का, हे तर दोनदा विचारले आणि माझे वय बावन्न असल्याने हृदयाचा आलेखही काढून घेतला. छातीत दाटते म्हणून ढेकर काढत आणि ओवा चघळत घरी बसलेला माणूस कधी कधी हृदयविकाराचा रुग्ण निघतो, असे ते म्हणाले, तेव्हा मी काही काळ विनोदबुद्धी बाजूला ठेवली. सुदैवाने साऱ्या प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशी होती आणि आलेखही चांगला आला.

मग त्यांनी एकच काम सांगितले. दोन आठवडे वही ठेवायची आणि तीत काय खाल्ले, किती मिनिटांत खाल्ले, त्रास वर झाला की खाली आणि जेवणानंतर किती वेळाने झाला, एवढेच लिहायचे. "जेवताना किंवा जेवल्याबरोबर येतो तो बहुतेक गिळलेला वारा असतो," ते म्हणाले, "आणि काही तासांनी खाली धरतो तो आतड्यात तयार झालेला. दोघांचे पत्ते वेगळे आहेत, तुम्ही दोघांना एकाच पत्त्यावर शोधता आहात."

वही मी लिहिणार होतो. परंतु वेळ लावण्याचे काम पत्नीने आपणहून स्वीकारले आणि ते तिने भूमापन खात्याच्या काटेकोरपणाने पार पाडले. पहिल्याच रात्रीची नोंद अशी होती : तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात; एकूण वेळ सहा मिनिटे चाळीस सेकंद; त्या अवधीत राजकारणावरील वाक्ये अठ्ठावीस. आमटी भुरकण्याचे आवाज तिने मोजायला घेतले होते, पण हिशेब चुकला म्हणून सोडून दिले. प्रत्येक घासाबरोबर थोडी हवा सगळेच गिळतात आणि जेवणानंतर चार-दोन ढेकर येणे हा काही रोग नव्हे. परंतु घाईघाईने, बोलत बोलत, कढत चहा आणि आमटी भुरकत खाणारा माणूस अन्नाइतक्याच इमानाने हवाही जेवत असतो. पोटाचे दोन भाग अन्नाने आणि एक भाग द्रवाने भरावा, चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे आयुर्वेदात सांगितले आहे. मी तो चौथा भाग अगोदरच भरून मग उरलेल्या तिघांची सोय पाहत होतो.

याहून लाजिरवाणा शोध पुढचा होता. डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर ढेकर काढून दाखवायला सांगितले आणि मी मोठ्या सराईतपणे मान किंचित पुढे काढून, घसा आवळून तो काढून दाखवला. त्यांनी सांगितले की या खटपटीत हवा आधी अन्ननलिकेत ओढली जाते आणि तीच लगेच बाहेर फेकली जाते. ती जठरापर्यंत पोहोचतही नाही, शिवाय थोडी खाली निसटून पोटात भर घालते ती वेगळीच. माझे दिवसाचे निम्म्याहून अधिक ढेकर मीच तयार केलेले होते. 'मोकळे वाटावे' म्हणून काढलेला एक ढेकर दुसऱ्या ढेकराची सोय करून जात होता.

यावरचा उपाय मात्र असा होता की तो करताना माणसाने एकटे असावे. ढेकर काढावासा वाटला की दातांत आडवी पेन्सिल धरायची, तोंड किंचित उघडे ठेवायचे आणि छाती न हलवता पोटाने सावकाश श्वास घ्यायचा. तोंड उघडे असले की हवा गिळणे किंवा ओढणे अवघड होते आणि उबळ ओसरते. मी तो प्रयोग कार्यालयातच केला. समोर बसणाऱ्या बाईंनी प्रथम माझ्याकडे काळजीने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी आपला डबा दुसऱ्या टेबलावर नेला. परंतु त्या आठवड्यात जेवणाचा वेळ वीस मिनिटांवर गेला, सोडा बंद झाला, चहा निववून पिऊ लागलो आणि वहीतला वरचा वारा रोजच्या तीस-पस्तीस ढेकरांवरून सात-आठवर आला. दुपारच्या वामकुक्षीचाही निकाल लागला. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवरची विश्रांती. मी मात्र जेवल्याबरोबर उताणा पसरत असे, आणि उताण्या पोटात द्रव जठराच्या तोंडापाशी येत असल्याने वाऱ्याला वरची वाट सापडत नाही. तिच्या जागी आता पंधरा मिनिटांची शतपावली आली. तिला 'शत' का म्हणतात ते कळत नाही, कारण शंभर पावलांत मी आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंतही जात नाही.

खालचा वारा मात्र या साऱ्याला दाद देईना. वही उलटून पाहिली तेव्हा तो मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी धरत होता, आणि या तिन्ही वारी आमच्याकडे वाल, पावटे किंवा छोले यांपैकी काहीतरी होते. मूगडाळीच्या वारी संध्याकाळ निर्वेध जाई. कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या फोडणारे पाचक द्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतेच. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्यांवर ताव मारून वायू सोडतात. दीडचे जेवण आणि पाचची गुडगुड यांचा मेळ असा बसला. लिंबू-सोड्याचा ढेकर तिथे काय करणार? तळघरात पाणी तुंबले असता गच्चीची मोरी साफ करण्यासारखेच ते होते.

माझ्या आईच्या हातचे वालाचे बिरडे खाऊन मला कधी त्रास झाल्याचे आठवत नव्हते, म्हणून तिला दूरध्वनी केला. तिने उलट विचारले, "वाल भिजवलेलं पाणी टाकता की त्यातच शिजवता?" आमच्याकडे ते पाणी सत्त्व जाऊ नये म्हणून कुकरमध्येच जात होते, शिवाय वाल सकाळी कोमट पाण्यात टाकून दुपारी शिजत होते. आईची रीत अशी : वाल आदल्या दिवशी सकाळी भरपूर पाण्यात घालायचे, रात्री ते पाणी फेकून द्यायचे, धुऊन फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल दोन बोटांच्या चिमटीत धरून सोलायचा आणि ताज्या पाण्यात बोटाने चेपेल इतका मऊ शिजवायचा. त्या नकोशा शर्करा पाण्यात उतरतात आणि मोड येताना दाणा स्वतःच त्यांतील बऱ्याचशा संपवतो. सगळ्या जात नाहीत. म्हणून प्रमाण हवेच. फोडणीतला हिंग आणि वरून चावलेला ओवा काहींना आराम देतो, मलाही देतो. पण न भिजवलेल्या वालांचे पाप चिमूटभर हिंगाने धुऊन निघत नाही.

सोलण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. दाणा दाबला की पांढरा गर बाणासारखा सुटतो आणि पहिल्या दिवशी त्यांतले अनेक सोफ्याखालून गोळा करावे लागले. सुरुवात अर्ध्या वाटीने केली, आठवड्यातून दोनदा. दोन-तीन आठवड्यांनी पाऊण वाटीवर आलो, कारण आतड्यालाही हळूहळू सवय होते असे डॉक्टर म्हणाले होते. एका रविवारी उत्साहात दोन वाट्या खाल्ल्या, तेव्हा पाच वाजता तळघराने आठवण करून दिली.

असा सारा बंदोबस्त झाल्यावर गेल्या महिन्यात मामेसासऱ्यांकडे जेवायला गेलो. पंक्तीत वालाचे बिरडे होते, नीट मोड आणून सोललेले. मी अर्धी वाटी घेतली, न बोलता, न भुरकता, पंचवीस मिनिटे सावकाश जेवलो आणि हात धुऊन शांतपणे झोपाळ्यावर येऊन बसलो. मामा बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी त्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू, ढेकर नाही आला तुम्हाला," ते म्हणाले, "पोट भरलेलं दिसत नाही," आणि आत वळून त्यांनी आणखी एक वाटी बिरडे मागवले.