चपलेचं निगेटिव्ह

ताईला पन्नासावं लागून संपायच्या बेतात होतं, तेव्हा तिने फोनवर बजावलं, "भेट नको, पार्सल नको. पत्र लिही, हाताने. आणि सुट्टीतला तो फोटो समोर ठेवून लिही."

तो फोटो म्हणजे कुठला, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात 'तो फोटो' एकच. समुद्रकिनारा, ताई नऊ वर्षांची, मी सहाचा. ताई तोंड उघडून रडतेय, इतकं की तिची पडजीभ दिसते. तिचे दोन्ही पाय अनवाणी आहेत. शेजारी मी हसतोय आणि तिची एकच चप्पल माझ्या हातात आहे. एवढ्या पुराव्यावर गेली चाळीसेक वर्षं मी तिची दुसरी चप्पल समुद्रात फेकल्याबद्दल दोषी आहे. ताई परदेशी गेली, तिथे तिला मुलं झाली, आणि त्यांनाही मामा म्हणजे चप्पल फेकणारा माणूस एवढंच ठाऊक आहे.

फोटो अल्बममध्ये होता. पान चिकट, वर पारदर्शक कागद, त्या जातीचा अल्बम. या गोंदाचा स्वभाव विचित्र. कुठे वाळून जातो, कुठे जन्मभराची पकड घेतो. आमच्याकडे दोन्ही प्रकार घडले होते. पान उघडताच सगळे दूरचे नातेवाईक भराभर मांडीवर पडले, आम्ही दोघं मात्र जागचे हललो नाही. मी नखाने कोपरा उचलायला गेलो तर कागद वाकायला लागला, म्हणजे तिथे कायमची घडी पडणार. शेवटी दात साफ करायचा दोरा घेतला, कोपऱ्यातून फोटोच्या खाली सरकवला आणि करवतीसारखा पुढे-मागे करत नेला. पाऊण तास लागला. बायको मध्ये येऊन म्हणाली, "दात काढतोयस की फोटो?"

मागच्या बाजूला आईने बॉलपेनने लिहिलं होतं, 'मुले, समुद्र'. साल नाही, गाव नाही. शिवाय अल्बममध्ये जाण्याआधी फोटो गठ्ठ्याने पाकिटात असायचे, त्यामुळे ती शाई खालच्या फोटोवर उतरली आणि एका काकूंच्या कपाळावर 'समुद्र' उलटा उमटला तो कायमचा.

फोटो सगळा लालसर झाला होता. आम्ही लाल, वाळू लाल, समुद्रही लाल. मला वाटलं उजेडाने झालं असेल, पण हा तर कपाटात होता. त्या काळच्या रंगीत फोटोंत तीन रंगांचे थर असायचे आणि त्यातला निळसर थर अंधारात ठेवला तरी हळूहळू विरायचा. तो गेला की उरतो लाल. म्हणजे मी जपून ठेवला म्हणून वाचला असं काही नाही, जपता जपताच तो लाल झाला.

आता पत्र. 'प्रिय ताई, या फोटोत तू किती गोड दिसतेस' असं लिहिलं आणि खोडलं, कारण पडजिभेकडे बघून हे वाक्य टिकेना. 'किती छान दिवस होते ते' हेही खोडलं. ज्या दिवसाची शिक्षा मी अजून भोगतोय, तो छान कसा?

तेव्हा निगेटिव्ह आठवलं. अल्बमच्या शेवटच्या खिशात एक पट्टी होती, सहा चित्रांची, कडेला आकडे १८ ते २३. हे आकडे फिल्म बनतानाच कडेवर छापलेले असतात. त्यामुळे फोटो अल्बममध्ये कसेही लावा, कशानंतर काय काढलं ते निगेटिव्ह सांगतं. बाबांच्या हाताला तर विशेष शिस्त होती. ३६ चा रोल असा काही भरायचे की ३८ फोटो निघायचे, पण एका प्रसंगाला दोनहून जास्त कधी खर्च करायचे नाहीत. त्या दिवशी मात्र चार खर्च झाले होते.

निगेटिव्ह कडेला धरून मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर टेकवलं, तर चित्रात स्क्रीनची जाळी दिसायला लागली. दोन बोटं वर उचललं तेव्हा जाळी गेली. दुसऱ्या फोनने फोटो काढून रंग उलटे केले. त्याआधी आम्ही दोघं पांढऱ्या केसांचे आणि काळ्या दातांचे होतो, म्हणजे आजच्याच चेहऱ्यांचे. रंग उलटल्यावर सगळीकडे निळसर झाक आली, कारण मुळात ती फिल्म नारिंगी असते. पण दिसलं.

१८ मध्ये बाबांचा अंगठा, जवळजवळ अर्धं चित्र व्यापून. १९ मध्ये ताई पाण्याजवळ उकिडवी, दोन्ही पायांत चपला. २० मध्ये एक चप्पल पाण्यावर, ताई वाकून तिला हाताने पुढे ढकलतेय आणि मी दूर बादली घेऊन, पाठमोरा. २१ म्हणजे आपला सुप्रसिद्ध फोटो.

पाठमोरा! मी तीनदा मोठं करून पाहिलं. माझी पाठ, माझी चड्डी, माझी निर्दोष बादली.

पत्र सरसर लिहून झालं. चार पानं. त्यात चित्रांचे क्रमांक होते, चपलेपासून माझं अंदाजे अंतर होतं, आणि '२१ मधील हास्य हे आनंदाचे नसून कॅमेरा पाहून आलेले आहे' असं एक वाक्य होतं. बायकोने वाचलं आणि विचारलं, "यात वाढदिवस कुठे आहे?"

वाढदिवस घातला, शेवटून दुसऱ्या ओळीत. मग चार पानांची दोन केली. अंतर काढलं, चपलेला एकच परिच्छेद ठेवला. बाकीच्यात दुसरंच आठवत गेलं. रात्री गादीवर तिने मला भरती-ओहोटी समजावली होती, माझी उशी चंद्र आणि माझं डोकं पृथ्वी धरून, आणि चंद्र जवळ आला की डोक्यावर आपटायचा. त्या सुट्टीत मी तिच्या मागे धावत तिची पाठ सोडली नव्हती, तेही लिहिलं. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही, म्हणून लगेच पाकीट बंद केलं. फोटो वाकू नये म्हणून मागे पुठ्ठा लावला, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी टाकलं.

पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. ताईचा फोन आला, तिच्याकडे सकाळ, माझ्याकडे झोप.

"उशी आठवते तुला?" ती म्हणाली आणि जरा वेळ काही बोलली नाही. मग नाक पुसून म्हणाली, "आणि चपलेचं वाचलं. तुझ्याकडे १८ पासून पुढची पट्टी आहे ना?"

"हो."

"जाताना मी अर्धी निगेटिव्हं घेऊन आले होते. १२ ते १७ माझ्याकडे आहेत. १७ मध्ये तुझी चप्पल पाण्यावर तरंगतेय, तिला दोरी बांधलीय, आणि तू मला दाखवतोयस की काही होत नाही, बघ."

"दोरी कुठून आली?"

"तेच तर. माझ्या वेळी दोरी नव्हती."

फोन ठेवला आणि १८ नंबर पुन्हा उघडला. बाबांच्या अंगठ्याच्या कडेला एक छोटा हात आहे. मी मोठा करून पाहिला. मुठीत दोरी आहे, नीट गुंडाळलेली.