‘परी’ म्हणजे फेअरी नव्हे: चोखोबांचा एक अभंग आजच्या मराठीत आणताना

माझी भाची अकरावीत आहे. कुठल्याशा रीलवर तिने चोखोबांचा अभंग ऐकला, चाल आवडली म्हणून शब्द शोधले आणि रात्री मला विचारलं, “मावशी, ही डोंगा परी कोण?”

मी हसले, पण चूक तिची नव्हती. पहिली ओळ तिच्या डोळ्यांनी वाचून बघा:

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

तिच्या लेखी परी म्हणजे पंखवाली, डोंगा म्हणजे बहुधा ढोंगी. पुढच्या ओळीत ‘कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा’ आलं, तर कमान म्हणजे गावाच्या वेशीवरची आणि तीर म्हणजे नदीचा काठ. शेवटी ‘भाव’ आला, तो बाजारातला. एकही शब्द अनोळखी वाटत नाही आणि सगळ्यांचा अर्थ चुकतो! जुन्या मराठीत खरी अडचण अवघड शब्दांची नसतेच, त्यांच्यासाठी शब्दकोश आहे. ओळखीच्या शब्दाचा अर्थ कोण शोधायला जातो?

डोंगा म्हणजे वाकडा, परी म्हणजे पण, कमान म्हणजे धनुष्य, तीर म्हणजे बाण. एवढं सांगून आम्ही दोघी अभंग आजच्या भाषेत लिहायला बसलो.

तिचा पहिला प्रयत्न होता, “बाहेरच्या रूपावरून कुणाची पारख करू नये.” पाठ्यपुस्तकाखाली शोभेल असा सुविचार. पण ऊस गेला, धनुष्य गेलं, नदी गेली. मुख्य म्हणजे चोखा गेला. मुलांसाठी केलेल्या सोप्या भाषांतरांवर माझा राग आहे तो इथेच. ती शब्द सोपे करत नाहीत, कविता काढून तिचं तात्पर्य ठेवतात.

दुसऱ्या खेपेला नदीपाशी अडलो. ‘नदी वाकडी’ कानाला बरं लागत नाही, नदी वळणावळणाची असते. भाचीने तसं लिहिलंही. पण अभंगात चारही वेळा डोंगा हाच शब्द येतो. ऊस, कमान, नदी असं म्हणत म्हणत आपण मान डोलावत जातो आणि चौथ्या फेरीला त्याच सुरात तो म्हणतो, चोखा डोंगा. मधे शब्द बदलला की ही साखळी तुटते. म्हणून नदीही वाकडीच ठेवली. ‘भुललासी’ला मात्र ‘फसतोस’ केलं, कारण आज आपण सुंदर गोष्टीवरच भुलतो.

ऊस वाकडा, पण रस वाकडा नाही.
वरवर पाहून काय फसतोस?
धनुष्य वाकडं, पण बाण वाकडा नाही.
वरवर पाहून काय फसतोस?
नदी वाकडी, पण पाणी वाकडं नाही.
वरवर पाहून काय फसतोस?
चोखा वाकडा, पण भाव वाकडा नाही.
वरवर पाहून काय फसतोस?

चाल गेली, हे कबूल. मूळ ओळ मोजा: ऊस डोंगा परी, सहा अक्षरं. रस नोहे डोंगा, सहा. आमची ओळ टाळावर बसत नाही. ती मूळ अभंगाशेजारी ठेवून वाचायची, त्याच्या जागी नव्हे. ‘भाव’ही तसाच ठेवला. तिने ‘मन’ सुचवलं होतं, पण मन तर तुकोबांपासून सगळ्यांचंच सैरावैरा पळतं. भाव म्हणजे विठ्ठलावर ठेवलेला जीव.

आणि एक गोष्ट कुठल्याच भाषांतरात येत नाही. चोखा म्हणजे शुद्ध, खरा. ‘चोख हिशोब’मधला चोख. म्हणजे ‘चोखा डोंगा’ म्हणताना तो म्हणतोय, जे चोख आहे त्याला तुम्ही वाकडं म्हणता. का, तर तो महार म्हणून जन्मला. वरचा रंग म्हणजे नाकडोळे नव्हेत, जात. याच माणसाला पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. त्याची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे आणि ते देऊळ सगळ्यांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हे न सांगता अभंग ‘सोपा’ केला, तर तो उसाच्या रसाची जाहिरात होतो.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण तो स्वतःलाच वाकडा का म्हणतो? मी नसतं म्हटलं.”

मला उत्तर आलं नाही. चोखोबांच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग काढून दिला:

आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमचे चित्ता ॥

याती म्हणजे जात, एवढंच सांगितलं. बाकी एकही शब्द सोपा करावा लागला नाही.