पन्हळ आधी का दिसते, आणि काका थांबतात का

«पन्हळ पहिल्याच शॉटमध्ये दाखवलीत, मग सरप्राइज कसलं? पाणी अचानक पडलं असतं तर जास्त हसलो असतो. आणि भिजल्यावर काका एवढा वेळ नुसते उभे का? शेवटी कंडक्टर हसतो तेही नको होतं.»

नमस्कार. पन्हळीचं पाणी काकांच्या डोक्यावर पडतं त्या माझ्या अ‍ॅनिमेशन फिल्मबद्दल तुम्ही वरचं लिहिलंत. कंडक्टरबद्दल तुमचं म्हणणं पटलं. प्रेक्षकांआधी पडद्यावरच कोणी हसलं की प्रेक्षकांचं हसू अर्धं होतं. तो शॉट काढतोय.

पन्हळ मात्र राहणार. पहिल्या अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रांच्या हलत्या आराखड्यात, ती नव्हती. मित्रमंडळींना दाखवलं, तर पाणी पडताच दोघांनी विचारलं, "हे कुठून आलं?" प्रश्न पडला की हसू जातंच. म्हणून केळकर रस्त्यावरच्या जुन्या वाड्यांना असते तशी पन्हळ वरच्या डाव्या कोपऱ्यात काढली. तोंडाशी पान अडकलंय, थेंब थेंब गळतंय. शॉट तीन सेकंदांचा, म्हणजे ७२ फ्रेम. ती दिसते, पण डोळा तिथे रेंगाळत नाही, कारण उजवीकडे डबकं आहे, बस येतेय आणि काका तिकडेच बघताहेत. पात्र जिकडे बघतं तिकडे आपणही बघतो.

आता छत्री. पाऊस नुकताच थांबलाय, काका ती उघडून बसच्या बाजूला ढालीसारखी धरतात. त्यामुळेच डोकं उघडं पडतं. दिशाभूल नुसती लक्ष वळवून होत नाही. एका संकटातून वाचण्यासाठी केलेली गोष्टच दुसरं संकट ओढवून घेते, तेव्हा ती पक्की बसते. बस डबक्याआधीच थांबते, काका समाधानाने हसतात, त्यावर १० फ्रेम थांबलोय. मग ड्रायव्हर हॉर्न देतो, पान सुटतं आणि चार फ्रेममध्ये पाणी डोक्यावर. इथे पन्हळीच्या क्लोजअपवर कट केला असता, तर प्रेक्षक काकांच्या आधी पोचले असते. म्हणून फ्रेम तीच ठेवली.

आता भिजल्यावर काका थांबतात तो थांबा, २० फ्रेमचा. आठ ठेवून बघितल्या: काकांचा चेहरा वाचायच्या आतच पुढची हालचाल सुरू झाली, कोणी हसलं नाही. ३६ ठेवल्या, तर व्हिडिओ अडकल्यासारखा वाटला. विनोद पाण्यात नाही, काकांना कळतं त्या क्षणात आहे. आपलं हसू तिथे सुरू होतं, त्याला जागा लागते.

पण नुसतं चित्र गोठवलं तर पात्र निर्जीव होतं, विशेषतः कॉम्प्युटरवर केलेलं. म्हणून खांदे किंचित खाली सरकतात, नाकाच्या टोकाशी एक थेंब फुगतो. चौदाव्या फ्रेमला फक्त बुबुळं वर जातात, मान नाही. मान हलवली की राग आल्यासारखं दिसतं, आणि मला तिथे कळणं हवं होतं, राग नव्हे.

मोठ्या सभागृहात हे दाखवायचं झालं तर थांबा थोडा वाढवीन, कारण तिथे हशा लांबतो आणि पुढची हालचाल त्यात बुडते. मोबाइलवर २० पुरतात. नव्या कटमध्ये थेंब पडतो, काका सावकाश छत्री डोक्यावर धरतात आणि फिल्म तिथेच संपते.