पगाराचा बाजारभाव आणि ‘किती टक्के वाढ हवी?’

नोकरी बदलताना पहिल्याच फोनवर ‘सध्याचा पगार किती आणि वाढ किती टक्के हवी?’ असे विचारले जाते आणि बहुतेक जण त्याच चौकटीत उत्तर देतात. मला ही चौकटच मान्य नाही. भाव त्या कामाचा असतो. आधीच्या कंपनीने तुम्हाला कमी दिले असतील, तर त्यावर तीस टक्के वाढवूनही आकडा कमीच राहतो.

ओळखीतल्या एका मुलीचे उदाहरण घेतो. पुण्यात ऑटोमेशन टेस्टिंगचे काम, सहा वर्षांचा अनुभव, आणि हातात 18 लाख सीटीसीची, म्हणजे कंपनीच्या तिच्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाची, ऑफर. ऑफरसोबतचा तक्ता उलगडला तेव्हा दिसले की त्यात दीड लाख जॉइनिंग बोनस होता, जो पहिल्याच वर्षी मिळणार आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागणार. एक लाख 80 हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारे, होते. मूळ पगार महिना 50 हजार, त्यावर 4.81 टक्क्यांप्रमाणे ग्रॅच्युइटीचे 28,860 रुपये आणि विम्याच्या हप्त्याचे 12 हजार, हेही 18 लाखांतच धरले होते. हे सगळे वजा केले की कंपनीचा पीएफ धरून उरतात सुमारे 14 लाख 29 हजार. पीएफ मी वजा करत नाही, कारण तो पैसा अखेर आपल्याच खात्यात जमा होतो. तुलना करायची ती याच आकड्याशी, आणि समोरून आलेला प्रत्येक आकडाही आधी याच मापात आणायचा.

अॅम्बिशनबॉक्स किंवा ग्लासडोअरवरचे आकडे कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेले असतात. त्यांत कोणी सीटीसी लिहितो, कोणी फिक्स्ड. काही नोंदी तर बऱ्याच जुन्या असतात. सर्व्हिस कंपनी, प्रॉडक्ट कंपनी आणि परदेशी कंपनीचे स्वतःचे भारतातले केंद्र यांचे भाव वेगवेगळे असताना त्यांची एकत्र सरासरी काढली, तर ती कोणालाच लागू पडत नाही. म्हणून या संकेतस्थळांकडून मी फक्त पगाराचा खालपासून वरपर्यंतचा पट्टा किती रुंद आहे एवढेच घेतो.

खरी माहिती समव्यावसायिकांकडून मिळते, पण ‘तुझा पगार किती?’ असे विचारून नव्हे. त्याने माणूस अवघडतो, आणि शिवाय उत्तर चुकीच्या प्रश्नाचे मिळते. ‘तुमच्याकडे आज सहा वर्षांचा टेस्टर घ्यायचा झाला, तर फिक्स्ड किती देतील?’ असे विचारले की लोक मोकळेपणाने बोलतात. या मुलीने सहा जणांना विचारले. त्यांतल्या दोघांनी सहा-सात वर्षे एकाच ठिकाणी काढली होती आणि त्यांनी स्वतःचेच आकडे सांगितले, ते 11 लाखांच्या आसपास होते. एकाने 2021-22 च्या भरतीच्या लाटेत उडी मारली होती, तो 21 लाखांवर होता. मागच्या दीड वर्षात रुजू झालेले तिघे मात्र पीएफसह 15, साडेपंधरा आणि 17 लाखांवर होते. सहाही आकडे खरे असले, तरी आजचा भाव फक्त शेवटचे तीन सांगतात. जुन्या माणसाचा पगार वार्षिक वाढीने हळूहळू सरकतो आणि लाटेतला पगार त्या वेळच्या टंचाईचा असतो.

जाहिरातींतून फारसे हाती लागत नाही, कारण पगाराचा पट्टा छापण्याची सक्ती आपल्याकडे नाही आणि ‘नॉट डिस्क्लोज्ड’ लिहून काम भागते. (अमेरिकेत कोलोराडोने 2021 पासून आणि कॅलिफोर्नियाने 2023 पासून ही सक्ती केली, त्या पट्ट्यांना डॉलरच्या दराने गुणून पुण्याचा भाव काढू नये, एवढेच सांगतो. तिकडच्या आपल्या मंडळींना एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांतले पगार तिथल्या श्रम खात्याच्या खुल्या माहितीत मिळतात, पण तो फक्त मूळ पगार असतो. शेअर आणि बोनस त्यात धरलेले नसतात.) जिथे पट्टा दिलेला असतो, तिथे सोबतची अनुभवाची अट वाचावी. ‘पाच ते आठ वर्षे, 14 ते 22 लाख’ यात बहुधा दोन पदे एकत्र बांधलेली असतात. सहा वर्षे म्हणजे त्या पट्ट्यात खालून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे साधारण साडेसोळा लाख सीटीसी. दहा टक्के व्हेरिएबल काढले की 15 लाखांच्या जवळ.

दोन्ही वाटांनी आकडा 15 ते 16 लाखांच्या मध्ये येतो, आणि ऑफर आहे सव्वाचौदाच्या थोडी वर. तिला मी दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या. मागच्या दोन वर्षांत या पदाला व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळाले? आणि जॉइनिंग बोनसमधले एक लाख फिक्स्डमध्ये घालता येतील का? दुसऱ्या प्रश्नाला ‘बँडमध्ये बसत नाही’ असे उत्तर आले, तर तिला त्या कंपनीतल्या पदाची वरची मर्यादा कळते. मग फिक्स्डवर घासाघीस करण्यापेक्षा वरच्या पदावर घेता का, हे विचारावे.