कन्फर्म हवंय की कन्फर्मसारखं?

"सर, हे तिकीट नाही."

"नाहीच. रिझर्वेशन आहे."

"पण तिकीट नाही."

"तुमच्या यादीत रिझर्वेशनच मागितलंय."

"हो सर, पण कन्फर्म तिकीट असलं की बरं असतं."

असं म्हणून व्हिसा केंद्रातल्या त्या मुलीने माझ्या कागदावर लाल पेनाने गोल काढला. शेजारच्या काउंटरवरच्या एका मावशींनी मान वाकवून तो पाहिलासुद्धा आणि माझ्याकडे बघून जीभ चुकचुकवली. वयाच्या पन्नाशीत मला असं कोणी लाल केलेलं नव्हतं.

मे महिन्यात बायकोबरोबर युरोपात जायचंय. कोणत्या देशाचा व्हिसा, ते सांगत नाही. पासपोर्ट अजून त्यांच्याकडेच आहेत.

आता गंमत बघा. युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच शेंगेन व्हिसा असतो. त्याचा जो व्हिसा कोड, म्हणजे नियमसंच आहे, 2009 सालचा, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तुम्ही परत जाणार याचा पुरावा म्हणून परतीचं तिकीट किंवा त्याचं रिझर्वेशन चालेल, असं स्वच्छ लिहिलंय. राहण्यासाठी हॉटेलचा कागद, किंवा कुठे राहायचा विचार आहे ते दाखवणारा दुसरा कुठलाही योग्य कागद. कित्येक वकिलाती तर स्वतःच बजावतात की व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. म्हणजे वकिलाती म्हणतात काढू नका, आणि त्यांच्या वतीने कागद गोळा करणारे म्हणतात काढलंत तर बरं. मध्ये आपण, दोघांच्या तिकिटांचे मिळून दीड लाख रुपये खिशात धरून उभे. नॉन-रिफंडेबल काढलं आणि व्हिसा नाकारला, तर गेले. शिवाय माणशी 90 युरो व्हिसा फी गेली ती गेलीच, ती नकार आला तरी परत मिळत नाही.

"खाली झेरॉक्सवाला आहे, तो करून देतो," ती मुलगी मघापेक्षा प्रेमाने म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून किती जणांना म्हणत असेल, देव जाणे. बायकोला खुर्चीत बसवून मी खाली उतरलो.

झेरॉक्सचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक कॉम्प्युटर, भिंतीवर गणपती आणि त्याच्या खाली दरपत्रक: झेरॉक्स, फोटो, विमा, कव्हरिंग लेटर, तिकीट. गल्ल्यावरच्या साताऱ्याकडच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "साहेब, कन्फर्म हवंय की कन्फर्मसारखं?"

"फरक काय?"

"कन्फर्मला पंधराशे, कन्फर्मसारखं तीनशे."

"मी पैशांचा फरक विचारत नाहीये."

तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. असा प्रश्न बहुधा कोणी विचारत नसावं. "पंधराशेवाल्यात आमचा माणूस एजंटच्या सिस्टिमवर खरी सीट धरतो. पीएनआर येतो, एअरलाइनच्या साइटवर नावासकट दिसतो. पैसे भरायची मुदत संपली की आपोआप उडतो. तीनशेवाला पण छान असतो. लोगो बिगो असतो."

"आणि पीएनआर?"

"असतो ना. सहा अक्षरं."

"कोणी दिलेला?"

"मीच देतो," ते विनयाने म्हणाले.

इतक्यात माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी घसा खाकरला. सफारी सूट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. सून आणि नातवाला भेटायला पॅरिसला निघाले होते. "अहो, मग काल मला दिलंत ते कुठलं?"

"काका, तुम्ही काय दिले होते?"

"तीनशे."

दुकानात जरा शांतता पसरली.

मी काकांचा कागद घेतला, फोनवर त्या विमान कंपनीच्या साइटवर 'माय बुकिंग'मध्ये गेलो, त्यांची सहा अक्षरं आणि आडनाव टाकलं. असं कुठलंही बुकिंग नाही, असं उत्तर आलं. काका म्हणाले, आडनाव पासपोर्टवर आहे तसं टाका. टाकलं. नाही. काका म्हणाले, माझं नाव आधी टाका. टाकलं. नाही. मग मला आठवलं की एजंटच्या सिस्टिमचा पीएनआर वेगळा आणि विमान कंपनीचा वेगळा असू शकतो. कागदावर दोन असतील, तर कंपनीच्या साइटला कंपनीचाच लागतो. म्हणून मी कागद उलटसुलट करून दुसरा शोधला. दुसरा नव्हता. उलट खाली 'ई-तिकीट नंबर' म्हणून दहा आकडे छापले होते. खरा ई-तिकीट नंबर तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात.

"तीन कमी आहेत हो," मी म्हणालो.

"तीनशेत तेवढेच बसतात," झेरॉक्सवाले म्हणाले, आणि काकांकडे वळून, जवळजवळ अभिमानाने, "पण काका, प्रिंट बघा किती क्लीन आलीय."

काकांचा चेहरा उतरला. मला एकाच वेळी हसूही येत होतं आणि संतापही. हा माणूस आयुष्यभर सरळ वागलेला असणार. त्याला कोणीतरी वरून खाली पाठवलं, 'खाली करून देतात' म्हणून. वकिलातीत कोणी हा कागद तपासला असता, तर नकाराच्या छापील कारणांमधलं 'प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही' हे वाक्य त्यांच्या पासपोर्टामागे लागलं असतं. पुढे ज्या ज्या अर्जात 'आधी नकार मिळाला होता का' असा प्रश्न आला असता, तिथे त्यांनी प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं असतं, आणि कारण सांगताना या जिन्याखालच्या खोलीचं नाव कुठे लिहिणार होते?

आता माझी पाळी. मी माझा लाल गोलवाला कागद पुढे केला. आमच्या दादरच्या एजंटने तो अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी काढला होता. झेरॉक्सवाल्यांनी चष्मा लावला आणि चेहराच बदलला. "साहेब, हे तर ओरिजिनल होल्ड आहे! हे बघा, एचके. म्हणजे सीट कन्फर्म धरलीय, वेटिंग नाही. एअरलाइनचा पीएनआर पण आहे. फक्त तिकीट नंबर नाही, कारण पैसे भरले नाहीत. यात मी काय करू?"

"वर नको म्हणतात."

"वरचे फक्त गोळा करतात. पास-नापास वकिलात करते. कागद कमी आहे म्हणाले तर त्यांचा एक फॉर्म असतो, त्यावर सही करून टाका, फाइल घ्यावीच लागते त्यांना." आणि जरा थांबून, "काही घेणार नाही तुमच्याकडून. लॅमिनेट करू का?"

खोट्या तिकिटांच्या दुकानात मला सकाळपासूनचा सगळ्यात खरा सल्ला मिळाला. काकांसाठी त्यांनी पंधराशेवालं काढायला घेतलं, तीनशे वळते करून. तेवढी इमानदारी होती.

वर गेलो. 'अर्जदाराला कागद अपुरा असल्याचं सांगितलं आहे, तरीही तो अर्ज देत आहे' अशा अर्थाच्या फॉर्मवर सही केली. बायकोच्याही फॉर्मवर. सोबत मी स्वतः लिहिलेलं पत्र लावलं: सीट धरल्या आहेत, तिकिटं व्हिसा मिळाल्यावर काढू, प्रत्येक रात्रीचं हॉटेल अमुक. त्या मुलीने पत्र वाचलं आणि विचारलं, "सर, आठ तारखेची रात्र?"

"विमान नऊ तारखेला पहाटे दोनला आहे. आठच्या रात्री आम्ही घरी. वरणभात खाऊन निघणार."

तिने ते लिहून घेतलं. वरणभात नाही, घरी एवढंच.

मग हॉटेल. सगळी हॉटेलं मी मोफत रद्द होणारी, तिथे गेल्यावर पैसे द्यायची अशीच घेतली होती. तरी त्यातल्या एकाच्या कागदावर फक्त माझं नाव आणि पुढे 'दोन प्रौढ'. दुसरा प्रौढ कोण, हे साइट आपणहून छापतच नाही, हॉटेलला निरोप पाठवून घालून घ्यावं लागतं. "मॅडमच्या फाइलला राहण्याचा पुरावा नाही," मुलगी म्हणाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आज कागदोपत्री ती त्या शहरात फुटपाथवर होती. फोनवरून हॉटेलला लिहिलं, तासाभरात नवा कागद आला, त्याचा प्रिंट खालून आणला. प्रिंटचे पैसे मात्र घेतले.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. चार दिवसांनी हॉटेलवाल्यांची मेल: तुमचं कार्ड अवैध आहे, चोवीस तासांत दुसरं द्या, नाहीतर बुकिंग रद्द. अवैध काय, त्याच कार्डावर सकाळी कांदे-बटाटे घेतले होते! भानगड अशी की 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांचा परदेशातला वापर बंद स्थितीतच येतो, आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करायचा. हॉटेल 'मोफत रद्द' असलं तरी कार्ड जिवंत आहे का ते मध्येच चाचपून बघतं. नियम आपल्या पैशाची राखण करतो हे मान्य. पण मी ती मेल पाहिली नसती तर? फाइल वकिलातीत, आणि हॉटेल गायब. त्यांनी नेमकं त्याच दिवशी फोन करून विचारलं असतं तर काकांच्या आणि माझ्या कागदात काय फरक उरला असता?

कार्ड सुरू केलं. हॉटेल वाचलं. विमानाचं होल्ड मात्र त्याच रात्री संपलं. एजंटला म्हटलं परत धर. तो म्हणाला, "साहेब, तेच नाव परत परत धरून सोडलं की एअरलाइन आमच्याकडून दंड वसूल करते. एकदा धरतो, मग नाही." निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, आणि त्यांच्या मनात आलं तर पंचेचाळीसपर्यंत. कुठलंही होल्ड तेवढं टिकत नाही, हे मागणाऱ्यांना ठाऊक असतं. रिफंडेबल घ्या म्हणावं, तर त्यातही माणशी काही हजार कापून उरलेले कधीतरी येतात, आणि तोवर दीड लाख विमान कंपनी वापरणार. मी ते घेतलेलं नाही. पत्रात लिहिलंय ते खरं लिहिलंय, विचारलं तर परत तेच सांगेन.

फक्त एक काम उरलंय. पहिल्या हॉटेलची फुकट रद्द करायची शेवटची वेळ तिथल्या घड्याळाने रात्री 11:59 आहे, म्हणजे आपल्याकडे पहाटे 3:29. तोवर पासपोर्ट आले नाहीत तर उठून ठरवायचंय, ठेवायचं की सोडायचं. बायको म्हणते, "तूच उठ. माझं नाव तसंही उशिरानेच घातलंस."