काच दोन बोटं खाली होती, तरी शेरू मरता मरता वाचला

आमच्याकडे मे महिन्यात कोणी कुत्रं गाडीत ठेवत नाही, तेवढं सगळ्यांना समजते. पण परवा तालुक्याला जे झालं ते फेब्रुवारीत झालं, म्हणून लिहितो आहे.

सकाळचे साडेअकरा, मोबाईलवर तापमान ३१ दाखवत होतं. काकांनी कृषी केंद्रासमोर गाडी लावली, शेरूला (आमचा लॅब्रेडॉर) आतच ठेवलं, काच दोन बोटं खाली केली आन म्हणाले दहा मिनिटांत येतो. बिल करता करता वीस-पंचवीस मिनिटं गेली.

आता हिशोब बघा. बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण १० डिग्री वाढतात, वीस मिनिटांत १६, तासाभरात २४ च्या आसपास. म्हणजे ३१ चे वीस मिनिटांत ४७ झाले! सगळ्यात जास्त वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, म्हणून "लवकर येतो" याला काही अर्थ राहत नाही. काचेतून ऊन आत येते, डॅशबोर्ड आन सीट तापतात, ते आतली हवा तापवतात, आन ती हवा बाहेर जायला जागाच नाही. काच थोडी उघडी ठेवून फरक जवळजवळ पडत नाही, अमेरिकेत २००५ साली गाड्या उन्हात ठेवून मोजलं होतं तेव्हाही हेच दिसलं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होते. पण आतली हवा त्याच्या अंगापेक्षा गरम झाली, वरून त्याच्याच श्वासानं दमट झाली, की धापा टाकून काही उपयोग होत नाही, उलट त्या मेहनतीनं अंग अजून तापते.

मी दार उघडलं तेव्हा शेरूची लाळ तारेसारखी लोंबत होती, हिरड्या लालभडक, उठायला गेला आन मागचे पाय घसरले. आम्ही त्याला सावलीत घेतलं आन दुकानातल्या रांजणाचं पाणी बादलीनं पोटावर, मांड्यांवर, सगळ्या अंगावर ओतत राहिलो, एक पोट्टा पुठ्ठ्यानं वारा घालत होता. कोणीतरी ओलं पोतं आणून अंगावर टाकलं, ते मी काढलं, कारण पोतं लगेच गरम होते आन उष्णता आतच कोंडते. तोंडात पाणी जबरदस्तीनं ओतायचं नाही, शुद्ध कमी असली तर फुफ्फुसात जाते. आधी थंड केलं, मग गाडीत टाकून डॉक्टरकडं नेलं.

तिथं मोजलं तर एवढं पाणी ओतूनही ४०.८! कुत्र्याचं नॉर्मल ३८ ते ३९ च्या आसपास असते. सलाइन लावलं, तासाभरात शेरू शेपटी हलवायला लागला, काका म्हणाले चला घरी. डॉक्टरनं थांबवलं. म्हणाले, किडनीचा आन रक्त न गोठण्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही निघतो, लघवी लाल झाली किंवा हिरडीवर लाल ठिपके दिसले तर रात्र असो का दिवस, लगेच घेऊन या. काका दोन रात्री बॅटरी घेऊन त्याच्या हिरड्या पाहत बसले होते.